बिल थकलंय, मालक ओळखीचे आहेत, तर फॉलो-अपचा मेल लिहायचा कसा

"मी नाशिकला फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन करते. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचा प्रॉडक्ट कॅटलॉग आणि वेबसाइट करून दिली. टोटल 90 हजार, अॅडव्हान्स 30 आले, 60 बाकी. बिल 12 जूनला दिलं, कोटेशनमध्ये 30 दिवस लिहिलेलं, आता सप्टेंबर अर्धा संपला. मालक माझ्या मामांच्या ओळखीतले, मी काकाच म्हणते त्यांना. व्हॉट्सअॅपला ब्लू टिक येते, रिप्लाय 'बघतो'. वरून आता प्रदर्शनासाठी बॅनर करून दे म्हणतायत. संबंध खराब न करता पण ठामपणे काय लिहू?"

मेल लिहायला बसायच्या आधी एक काम करा, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून स्वतःचा 26AS उघडा, म्हणजे तुमच्या नावाने कोणी किती टॅक्स कापून भरला ते दाखवणारा फॉर्म. बहुतेक फ्रीलान्सर हा फक्त रिटर्न भरताना बघतात, पण थकलेल्या बिलाच्या बाबतीत यातून जेवढी माहिती मिळते तेवढी मालकाला चार फोन करूनही मिळत नाही. कारण असं की कंपनीला टीडीएस कापावा लागतो तो पैसे देताना किंवा बिल खात्यात जमा करताना, यातलं जे आधी होईल तेव्हा. म्हणजे पैसे दिले नसले तरी अकाउंटवाल्याने तुमचं बिल टॅलीत घेतलं की टीडीएस कापून भरावाच लागतो. तुमचं बिल जूनचं, एप्रिल ते जून तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायची मुदत 31 जुलै, त्यामुळे ऑगस्टपासून ते तुमच्या 26AS मध्ये दिसायला पाहिजे.

तुमच्या केसमध्ये आकडा काय दिसेल तेही सांगतो. प्रोफेशनल फीवर 10 टक्के कापतात, पण वर्षाला एकाच पार्टीला 50 हजारांच्या वर गेलं तरच (ही मर्यादा एप्रिल 2025 पासून, त्याआधी 30 हजार होती). तुमचे अॅडव्हान्सचे 30 पूर्ण आले असतील कारण तेव्हा मर्यादा ओलांडली नव्हती. आता 60 चं बिल आल्यावर टोटल 90 झालं, मग टीडीएस सगळ्या 90 वर, म्हणजे 9,000. 26AS मध्ये त्या कंपनीच्या नावापुढे 90,000 आणि 9,000 असं दिसलं तर समजायचं की बिल पोचलंय, कोणी नाकारलेलं नाही, खर्चाला धरलंय, आणि तुमच्या नावाचा टॅक्स सरकारकडे भरूनसुद्धा झालाय. अडकलंय ते फक्त पेमेंट. आणि काहीच दिसलं नाही तर दोन शक्यता, एक म्हणजे बिल अजून काकांच्या व्हॉट्सअॅपमध्येच आहे आणि अकाउंटला गेलेलंच नाही, किंवा कंपनी टीडीएस रिटर्न उशिरा भरते. ती कंपनी म्हणजे छोटी प्रोप्रायटरशिप असेल आणि ऑडिटमध्ये येत नसेल तर ते टीडीएस कापतच नाहीत, मग या तपासणीचा उपयोग नाही. काही जण डिझाइनला कॉन्ट्रॅक्ट धरून 1 टक्काच कापतात, तेही चालतं, रक्कम तशी दिसेल.

याच्यावरून अजून एक गोष्ट ठरते, मागायची रक्कम. तुम्ही 60,000 मागत राहिलात आणि त्यांच्या खात्यात तुमचे 51,000 च देणं दिसतंय तर अकाउंटवाला "रक्कम मॅच होत नाही, मॅडमशी बोलून घेतो" म्हणून अजून पंधरा दिवस बाजूला ठेवेल. मी सातपूर-अंबडच्या बऱ्याच कंपन्यांची कामं केलीत आणि पेमेंट अडकायचं खरं कारण निम्म्या वेळा असलं काहीतरी असतं, बिलावर पॅन नाही, पीओ नंबर नाही, बँक डिटेल्स वेगळ्या मेलमध्ये, मालकाची सही राहिलीये. मालक वाईट नसतो, त्याला फक्त ते उचलून पुढे सरकवायला निमित्त नसतं. म्हणून पहिल्या मेलचं काम आठवण करून देणं नाही, पेमेंट न करायला जेवढी कारणं शिल्लक आहेत ती सगळी काढून टाकणं.

आता काकांचं. मामांना मध्ये घालू नका, निदान आत्ता नाही. मामांनी फोन केला की विषय बिलाचा राहत नाही, मोठ्या माणसांच्या मानापमानाचा होतो, आणि काकांना वाटतं पोरीने घरी तक्रार केली. दुसरं, नातं आणि बिल वेगवेगळ्या जागी ठेवा. फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर ते काका, मेलवर ते सर आणि कंपनी. मेल कंपनीच्या आयडीवर जाईल, त्यात अकाउंट्सचा आयडी पण टाकायचा. यात उद्धटपणा काहीच नाही, उलट काकांना बरं पडतं कारण त्यांना अकाउंटवाल्याला "हे करून टाका" एवढंच म्हणायला लागतं.

आधी फोन करा, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला, जेव्हा ते शॉपफ्लोअरवरून ऑफिसात येतात. "पेमेंट कधी होईल" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर "बघतो" हेच येणार. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच देता येतं असा प्रश्न विचारा. "काका, कॅटलॉगच्या बिलावर तुमची सही झालीये का, का ते अजून अकाउंटलाच आहे? मी आज त्यांना परत मेल करते, तुमच्याकडे कॉपी ठेवते." बास. ते हो म्हणाले तर विचारा पेमेंट महिन्यातून कुठल्या तारखेला सोडतात, कारण अंबडच्या बहुतेक कंपन्यांचे व्हेंडर पेमेंटचे दिवस ठरलेले असतात आणि तुमची तारीख त्या दिवसाला जुळली पाहिजे. ती तारीख गेली की पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं, आणि ऑक्टोबरमध्ये तर कामगारांचा बोनस निघतो तेव्हा बाहेरच्यांची पेमेंट आपोआप मागे पडतात, त्यामुळे तुमचं काम दिवाळीच्या त्या गर्दीच्या आधी झालं पाहिजे.

फोन संपला की अर्ध्या तासात मेल. विषयाच्या ओळीत "पेमेंट रिमाइंडर" लिहू नका, असल्या मेलची त्यांच्याकडे रांग असते. विषय असा लिहा: बिल क्र. 014, 12 जून, बाकी ₹60,000 (टीडीएस वजा जाता ₹51,000). आणि आत:

"नमस्कार सर,

आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे बिलाची माहिती परत एकत्र पाठवतेय.

कॅटलॉगच्या प्रिंट फाइल्स 6 जूनला आणि वेबसाइट 10 जूनला लाइव्ह करून दिली. बिल 12 जूनचं आहे, कोटेशनप्रमाणे मुदत 12 जुलैला संपली. एकूण 90,000, अॅडव्हान्स 30,000 मिळाला, बाकी 60,000. तुमच्याकडून संपूर्ण रकमेवर 9,000 टीडीएस धरला असेल तर माझ्या खात्यात 51,000 यायचे आहेत.

बिल, तुम्ही मंजूर केलेलं कोटेशन, पॅन आणि कॅन्सल्ड चेक सोबत जोडलाय. यात काही कागद कमी असेल किंवा रकमेत फरक दिसत असेल तर कृपया 20 सप्टेंबरपर्यंत कळवा, मी त्याच दिवशी दुरुस्त करून देईन.

पेमेंट 25 सप्टेंबरच्या फेरीत होईल असं धरतेय. झालं की यूटीआर नंबर पाठवा म्हणजे मी खातं बंद करून पावती देईन."

या मेलमध्ये काय नाहीये ते बघा. "सॉरी तुम्हाला डिस्टर्ब करतेय" नाही, "जमलं तर" नाही, "मलाही अडचण आहे, घरभाडं द्यायचंय" नाही. अडचण सांगितली की समोरचा तुमच्या अडचणीवर बोलायला लागतो, त्याच्या देण्यावर नाही, आणि काम पूर्ण करून घेतलेल्या माणसाकडून पैसे मागायला अडचण असावी लागत नाही. काम कधी पोचलं त्या तारखा मात्र मुद्दाम आहेत. आणि "फरक दिसत असेल तर 20 पर्यंत कळवा" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण नंतर कधी कोणी म्हणालं की काम नीट झालं नव्हतं, तर तुम्ही लेखी विचारलेलं असतं आणि त्यांनी काही कळवलेलं नसतं. तारीख पण आठ दिवसांच्या आतली ठेवा, "लवकरात लवकर" ही तारीख नव्हे.

काका मेलला उत्तर न देता व्हॉट्सअॅपवर "हो बेटा, पुढच्या आठवड्यात करतो" म्हणाले तर खूश होऊन सोडून देऊ नका, त्याच मेलवर एक ओळ लिहा: "सर, आज व्हॉट्सअॅपवर 60,000 ची बाकी पुढच्या आठवड्यात देतो असं तुम्ही कळवलंत, त्याप्रमाणे 30 सप्टेंबर धरते." व्हॉट्सअॅपचं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो आणि देणेकऱ्याने त्या मुदतीत लेखी देणं कबूल केलं तर मुदत कबुलीच्या तारखेपासून नव्याने मोजतात. तुमचा विषय तिथपर्यंत जाणार नाही, पण "हो, बाकी आहे, देतो" हे त्यांच्या बाजूने लिहिलेलं असणं हीच तुमच्या हातातली सगळ्यात भक्कम गोष्ट आहे, आणि ती मिळवायला भांडावं लागत नाही, नुसतं विचारावं लागतं.

आमचंच पेमेंट वरून अडकलंय असं म्हणाले तर? हे नाशिकमध्ये बऱ्याचदा खरं असतं, मोठ्या कंपन्यांचे छोटे व्हेंडर स्वतःच महिनोन्महिने थांबलेले असतात. अशा वेळी वाद घालू नका, हप्ते सुचवा, पण तारखा तुम्ही लिहा. "समजू शकते सर. मग 25,000 या 25 तारखेला आणि 26,000 पुढच्या 10 तारखेला असं करूया, चालेल ना एवढं मेलवर कळवा." याचा फायदा दुहेरी, पहिला हप्ता आला की देणं कबूलच झालं, आणि नाही आला तर अडचण होती का टाळाटाळ होती ते तुम्हाला दहा दिवसांत समजतं, दिवाळीपर्यंत अंदाज करत बसावं लागत नाही.

25 गेली, काहीच आलं नाही, तर दुसरा मेल लांब लिहू नका. पहिल्या मेलवरच रिप्लाय ऑल, तीन ओळी: "सर, 25 सप्टेंबरला पेमेंट अपेक्षित होतं, खात्यात आलेलं नाही. बिलाबद्दल काही हरकत मला कळवलेली नाही, म्हणजे रक्कम मान्य आहे असं समजते. पेमेंटची नक्की तारीख आज संध्याकाळपर्यंत कळवा." आवाज चढवायचा नाही, मेल फक्त छोटा आणि कोरडा होत जातो. माझ्या अनुभवात बरीच पेमेंट याच मेलला येतात, कारण अकाउंटवाला पण कॉपीत असतो आणि त्याला पण उत्तर द्यायला नको असतं.

तिसऱ्या मेलला कायद्याचं नाव येतं, आणि इथे तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का यावर सगळं आहे. आधार आणि पॅनवर udyamregistration.gov.in वर फुकट होतं, एकट्या फ्रीलान्सरचं पण होतं, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. ते असेल तर 2006 चा एमएसएमई कायदा तुम्हाला लागतो, त्यात असं की करारात मुदत काहीही लिहा, 45 दिवसांच्या वर जाता येत नाही, करारात काहीच नसेल तर 15 दिवस. तुमची 30 दिवसांची मुदत लेखी आहे त्यामुळे 12 जुलैपासून उशीर मोजला जातो. उशिराला व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर वर्षाला साडेसोळा होतात, म्हणजे 60 हजारांवर महिन्याला आठशेच्या आसपास. रक्कम मोठी नाही आणि ती वसूल करायच्या मागे लागू नका, पण मेलमध्ये आकडा लिहिला की समोरच्याला समजतं की ही मुलगी विचारून आलीये.

व्याजापेक्षा जास्त काम करतो तो इन्कम टॅक्सचा मुद्दा, सीए लोक ज्याला 43बी(एच) म्हणतात तो. मायक्रो किंवा स्मॉल उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही आणि 31 मार्चला पण बाकीच राहिलं, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, ज्या वर्षी खरंच पैसे देतील त्या वर्षी मिळतो. म्हणजे सप्टेंबरमध्ये याचा लगेच चटका बसत नाही, मार्चमध्ये बसतो, हे खरं आहे आणि तसं प्रामाणिकपणे लिहा. पण कंपनीचे सीए ऑडिटच्या वेळी व्हेंडरचे उद्यम नंबर मागवतातच. म्हणून तिसऱ्या मेलचा मधला भाग असा:

"माझं उद्यम रजिस्ट्रेशन मायक्रो उद्योग म्हणून आहे, सर्टिफिकेट जोडलंय. एमएसएमई कायद्याप्रमाणे या बिलाची मुदत 12 जुलैला संपलीये आणि त्यानंतरचं व्याज लागू होतं. 15 ऑक्टोबरपर्यंत मूळ रक्कम जमा झाली तर मी व्याज मागणार नाही. उशिरा दिलेल्या बिलांचा तुमच्या टॅक्सवर काय परिणाम होतो ते तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्यावं ही विनंती."

"तुमच्या सीएंना विचारा" ही ओळ धमकी नाही आणि तरी तिच्यात सगळं आलं. व्याज सोडायची तयारी दाखवणं हे काकांसाठी, त्यांना मान राखून बाहेर पडायला जागा मिळते.

पण उद्यम रजिस्ट्रेशन नसेल तर आज काढून उद्या या बिलावर वापरायला जाऊ नका. काम झाल्यावर नोंदणी केली तर आधीच्या कामाला हा कायदा लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये म्हटलंय, पुढे तो मुद्दा मोठ्या पीठाकडे गेलाय, पण तुमच्या 60 हजारांसाठी त्या वादात पडू नका. नोंदणी पुढच्या कामांसाठी काढा, आणि या बिलाच्या तिसऱ्या मेलमध्ये फक्त कोटेशन, तारखा आणि "15 ऑक्टोबरनंतर मी वकिलांमार्फत नोटीस पाठवेन" एवढं लिहा. लिहिलं तर मात्र 16 ला पाठवायची तयारी ठेवा. न पाळलेली एक तारीख तुमचे आधीचे तिन्ही मेल रिकामे करते.

15 ऑक्टोबर पण गेली तर वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टने आणि मेलनेही. उद्यम आधीचं असेल तर एमएसएमई कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार, तिथे वकील लागतोच असं नाही. आधी समेट घडवायचा प्रयत्न होतो, मग लवाद, आणि निकाल विरुद्ध गेला तर कंपनीला आव्हान द्यायला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात 90 दिवस लिहिलेत पण तेवढ्यात होईल असं धरून चालू नका. 60 हजारांसाठी मी स्वतः इथपर्यंत आनंदाने जाणार नाही, पण तक्रार नोंदवल्याची नोटीस कंपनीला गेली की बऱ्याचदा तिथेच मिटतं.

वेबसाइट बंद करून टाकू का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण डोक्यात येईलच, सगळ्यांच्या येतं. नको. होस्टिंग आणि डोमेन कंपनीच्या नावावर असेल तर परवानगीशिवाय आत जाऊन बंद पाडणं हा आयटी कायद्यात तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो, आणि तोपर्यंत तुम्ही घेणेकरी होता ते एका रात्रीत उलटं होतं. तसंच नाशिकच्या फेसबुक ग्रुपवर कंपनीचं नाव टाकून पोस्ट पण नको. जे अजून दिलंच नाहीये ते मात्र ठेवून घ्यायला हरकत नाही, कॅटलॉगची ओपन फाइल दिली नसेल तर ती बाकी मिळाल्यावर द्यायची, आणि तसं मेलमध्ये साधेपणाने लिहायचं.

राहिलं बॅनर. खरं सांगायचं तर तुमच्याकडचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे, कारण प्रदर्शनाची तारीख त्यांची आहे, तुमची नाही. नाही म्हणू नका, आणि चांगुलपणा म्हणून आधी करूनही देऊ नका. व्हॉट्सअॅपवर काकांनाच लिहा: "काका, बॅनर नक्की करते, साइज आणि मजकूर पाठवून ठेवा. कॅटलॉगचं बिल अकाउंटला पेंडिंग दिसतंय, ते क्लिअर झालं की दोन दिवसांत डिझाइन देते. बॅनरचे 6,000, ते काम सुरू करताना." बॅनरचे पैसे आधी आले आणि कॅटलॉगचे नाही आले तरी सुरू करू नका, छोटं पेमेंट करून मोठं लांबवायची सवय फार जणांना असते. आणि 51,000 जमा झाले की त्याच दिवशी पावती पाठवा, यूटीआर लिहून, 26AS मधले 9,000 जुळतायत का बघा, नसतील तर लगेच अकाउंटला कळवा, कारण ते पण तुमचेच पैसे आहेत आणि रिटर्न भरताना लागणार आहेत.